शंभर ग्रॅमचा गुण, तीन ग्रॅमचा चमचा

हिरव्या पावडरीचा कुठलाही डबा हातात घेतला, की पुढच्या बाजूला एक मोठी टक्केवारी असते आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक छोटा आकडा. स्पिरुलिनाच्या डब्यावर पुढे लिहिलेलं असतं ‘60 टक्क्यांहून अधिक प्रथिनं’ आणि मागे ‘रोज 3 ग्रॅम’. शेवग्याच्या पावडरीवर पुढे ‘दुधाच्या 17 पट कॅल्शियम’ आणि मागे ‘अर्धा ते एक चमचा’. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. मात्र गुण सांगताना शंभर ग्रॅमचं माप वापरलं जातं आणि खायला सांगताना चमच्याचं. त्यापुढे आणखी एक गोष्ट आहे, जी डब्यावर कुठेच नसते: या पावडरींतल्या विषारी अंशांच्या मर्यादाही कुणीतरी ठरावीक चमचा मनात धरूनच ठरवलेल्या आहेत. तेव्हा गुण आणि धोका या दोघांना एकाच चमच्यात ओतून बघायला हवं.

सुरुवात स्पिरुलिनापासून करू. ही शेवाळासारखी दिसणारी, पण खरं तर जिवाणूंच्या कुळातली सूक्ष्म हिरवी-निळी जात. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे स्प्रिंगसारखे वळलेले दिसतात. आफ्रिकेतल्या चाड सरोवराकाठच्या कानेंबू बायका पिढ्यानपिढ्या ती पाण्यावरून गोळा करतात, वाळूवर पसरून वाळवतात आणि त्या वड्यांना ‘दिहे’ म्हणतात. मेक्सिकोतल्या टेस्कोको सरोवरातून अ‍ॅझ्टेक लोक तीच काढून खात. म्हणजे माणसानं ती खाणं नवं नाही. नवं आहे ते तिला औषधाच्या रांगेत बसवणं.

वाळलेल्या 100 ग्रॅम स्पिरुलिनात साधारण 57 ग्रॅम प्रथिनं आणि 28 मिलिग्रॅम लोह असतं. हे आकडे भरघोस आहेत यात शंका नाही. आता तीन ग्रॅमचा चमचा घ्या. प्रथिनं झाली 1.7 ग्रॅम, लोह सुमारे 0.9 मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार प्रौढ बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं आणि 29 मिलिग्रॅम लोह लागतं. चमचाभर स्पिरुलिनानं प्रथिनांची गरज चार टक्क्यांच्या आसपास आणि लोहाची तीन टक्क्यांच्या आसपास भागली. समजा, 100 ग्रॅमचा डबा 500 रुपयांना पडला, तर या 1.7 ग्रॅम प्रथिनांसाठी रोज 15 रुपये गेले. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. तीस ग्रॅम तूरडाळीत, म्हणजे एका माणसाच्या वरणात, साडेसहा ग्रॅमच्या आसपास. ‘अंड्यापेक्षा चौपट प्रथिनं’ ही तुलना वाळवलेल्या पावडरीची आणि तीन-चतुर्थांश पाणी असलेल्या अंड्याची असते. अंडंही वाळवून पावडर केलं, तर त्यातही निम्म्याच्या जवळपास प्रथिनंच उरतात.

मग डब्यातली मात्रा वाढवली तर? रोज 30 ग्रॅम खाल्लं, की 17 ग्रॅम प्रथिनं मिळतील, हे गणित बरोबर आहे. व्यायामशाळेत जाणारी काही मुलं असं करतातही. अडचण चवीची आहे आणि खर्चाची आहे, पण खरी अडचण पुढे येते.

त्यासाठी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जावं लागेल. तिथलं अप्पर क्लामथ सरोवर मोठं, उथळ आणि खतांच्या अंशांनी भरलेलं. उन्हाळ्यात त्यावर हिरवी-निळी साय येते. त्यातली मुख्य जात स्पिरुलिनाच्या कुळातली, पण वेगळी. ती थेट सरोवरातून गोळा करून, वाळवून ‘ब्लू-ग्रीन अ‍ॅल्गी’ या नावानं विकायचा मोठा धंदा तिथे उभा राहिला. लहान मुलांचं लक्ष लागत नाही, चंचलपणा जात नाही, अशा तक्रारींवरही ती दिली जाई. 1996 साली त्या सरोवरात मायक्रोसिस्टिस नावाची दुसरी जात जोरात वाढली. ती मायक्रोसिस्टिन हे यकृतावर घाला घालणारं विष बनवते. याच वर्षी ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रात हेच विष असलेलं पाणी रुग्णांच्या रक्ताशी आलं आणि पन्नासहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन दगावली. तिथे ते सरळ रक्तात गेलं, तोंडावाटे नाही, त्यामुळे पावडर खाणाऱ्याशी त्याची थेट तुलना होत नाही. विष किती जोरदार आहे, एवढंच त्यातून कळतं.

ओरेगनच्या आरोग्य खात्यानं मग एक मर्यादा आखली: एका ग्रॅम पावडरीत एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त मायक्रोसिस्टिन नको. हा आकडा कसा आला ते बघण्यासारखं आहे, कारण सगळी गोम तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं एका माणसाला आयुष्यभर रोज सोसेल असं प्रमाण शरीराच्या वजनाच्या दर किलोला 0.04 मायक्रोग्रॅम धरलं आहे. साठ किलोच्या माणसाला ते 2.4 मायक्रोग्रॅम होतं. हा माणूस दिवसाला दोन ग्रॅम पावडर खाईल असं धरलं, तर ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम जेमतेम बसतं. म्हणजे मर्यादा पावडरीची नाही, दोन ग्रॅम पावडरीची आहे, आणि तीही साठ किलोच्या माणसापुरती.

आता चमचा बदलून बघा. हाच माणूस ‘जास्त खाल्लं तर जास्त फायदा’ म्हणून रोज दहा ग्रॅम घेऊ लागला, तर मर्यादेत बसणाऱ्या, कायद्यानं चोख असलेल्या पावडरीतूनही त्याच्या पोटात दहा मायक्रोग्रॅम जाऊ शकतात. सोसेल त्याच्या चौपट. पंधरा किलोच्या मुलाला सोसेल असं प्रमाण 0.6 मायक्रोग्रॅम आहे. त्याला मोठ्या माणसाचे दोन ग्रॅम दिले, तरी ते तिपटीच्या वर गेलं. ओरेगनच्या लोकांनी या सरोवरातल्या पावडरीचे 87 नमुने तपासले. त्यातल्या 85 मध्ये मायक्रोसिस्टिन सापडलं आणि 63 मध्ये ते मर्यादेच्या वर होतं. बाटल्यांवर ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं असेल, तर तो शब्द अगदी खरा होता. विषही नैसर्गिकच होतं.

स्पिरुलिनाची गोष्ट इतकी वाईट नाही, आणि त्याचं कारण तिच्या लागवडीत आहे. स्पिरुलिना स्वतः मायक्रोसिस्टिन बनवत नाही. ती उथळ हौदात वाढवतात. पाणी गोल गोल फिरत राहावं म्हणून चक्र लावलेलं असतं. पाण्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खायचा सोडा, एवढा घालतात की आम्लता-क्षारतेच्या मोजपट्टीवर ते दहाच्या आसपास जातं. झारूक या शास्त्रज्ञाच्या 1966च्या सूत्रात लिटरला 16 ग्रॅमपेक्षा जास्त सोडा आहे. इतक्या खारट-क्षारी पाण्यात बहुतेक दुसऱ्या जाती तग धरत नाहीत, हेच तिचं संरक्षण. मग बारीक जाळीच्या कापडातून गाळायचं, दाबून पाणी काढायचं, आणि छोट्या उद्योगात सोऱ्यासारख्या यंत्रातून शेवेसारखं पाडून वाळवायचं. वाळल्यावर दळायचं.

हे सगळं नीट झालं तर पावडर स्वच्छ असते. बिघडतं ते अशा जागी: पावसाचं पाणी हौदात शिरून क्षारता उतरते आणि परकी जात घुसते. पैसे वाचवायला खाद्य दर्जाच्या क्षारांऐवजी शेतीचं खत घातलं जातं, आणि फॉस्फेट खतांमध्ये खनिजातूनच आलेलं कॅडमियम असतं. बोअरच्या पाण्यात आर्सेनिक असतं. वाळवताना धूळ, पक्षी, ओलावा येतो. यातली धातूंची बाजू सर्वांत फसवी, कारण स्पिरुलिना आणि क्लोरेला दोघीही पाण्यातले धातू पेशीच्या भिंतीला चिकटवून घेण्यात पटाईत आहेत. कारखान्याचं सांडपाणी धातूंपासून साफ करायला या जाती वापरता येतील का, यावर बरंच संशोधन झालं आहे. गंमत अशी, की क्लोरेलाच्या बाटलीवर हाच गुण ‘शरीरातले जड धातू बाहेर काढते’ असा सांगितलेला असतो. जी गोष्ट हौदात धातू गोळा करते, ती पोटात आल्यावर अचानक धातू काढणारी होईल, असं मानायला फार श्रद्धा लागते.

शिशाचा हिशेब बघू, कारण तिथेही चमचाच निर्णायक ठरतो. युरोपात आहार-पूरकांसाठी शिशाची कमाल मर्यादा किलोला तीन मिलिग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅममागे तीन मायक्रोग्रॅम. एखाद्या पावडरीत किलोला एक मिलिग्रॅम शिसं निघालं, तर ती या नियमात सहज बसते. तीन ग्रॅमच्या चमच्यात तीन मायक्रोग्रॅम गेलं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं अन्नातून येणाऱ्या शिशासाठी एक तुलनेचा आकडा ठेवला आहे: मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी दिवसाला 8.8 मायक्रोग्रॅम, लहान मुलांसाठी 2.2. आपल्या चमच्यातलं शिसं बाईच्या आकड्याच्या आत आहे. मुलाच्या आकड्याच्या ते बाहेर गेलं. आणि दहा ग्रॅम घेतले, तर बाईच्याही बाहेर. लक्षात घ्या, हा हिशेब फक्त पावडरीचा आहे. मसाले, पाणी, भाजी यांतून दिवसभरात येणारं शिसं त्यात धरलेलंच नाही. गरोदर बाईला ‘रक्त वाढेल’ म्हणून स्पिरुलिना देणारे घरोघरी भेटतात. तिच्या बाबतीत मी तरी असा डबा तपासणीच्या कागदाशिवाय घरात आणणार नाही. लोहाच्या गोळीत लोह किती आहे, हे निदान नक्की माहीत असतं.

स्पिरुलिनाच्या दाव्यांपैकी सर्वांत जास्त नुकसान करणारा दावा मात्र दूषणाचा नाही, जीवनसत्त्व बी-12चा आहे. आपल्याकडे तो विशेष खुपतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा दोन-तृतीयांश लोकांत बी-12 कमी निघालं. शाकाहारी घरात बी-12चा स्रोत दूध-दही एवढाच. अशा घरी कुणी सांगितलं, की स्पिरुलिनात भरपूर बी-12 आहे, तर तो डबा येणारच.

डब्यावरचा बी-12चा आकडा बहुतेकदा जुन्या पद्धतीनं मोजलेला असतो: एक विशिष्ट जिवाणू घ्यायचा, त्याला पावडर खायला द्यायची आणि तो किती वाढतो ते बघायचं. अडचण अशी, की त्या जिवाणूला बी-12 आणि त्याच्यासारखा दिसणारा भाऊबंद, दोन्ही चालतात. माणसाला चालत नाहीत. जपानमधल्या फुमिओ वातानाबे यांनी स्पिरुलिनाच्या गोळ्यांतली दोन्ही रूपं वेगळी करून पाहिली, तर सुमारे 83 टक्के भाग माणसाला निरुपयोगी असलेल्या रूपाचा निघाला. हे रूप आपल्या आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही.

याचा परिणाम काय होतो, ते नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दिसलं. तिथे काही कुटुंबं कडक शाकाहारी ‘मॅक्रोबायोटिक’ आहार घेत होती. त्यांच्या मुलांत बी-12ची कमतरता होती, आणि पालकांना गोळ्या नको होत्या. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांना स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळ देऊन पाहिलं. रक्तातला बी-12चा आकडा वर गेला. पण तांबड्या पेशींचा आकार, जो बी-12 कमी असलं की वाढतो, तो सुधारण्याऐवजी बिघडतच गेला. म्हणजे प्रयोगशाळेचा कागद सुधारला आणि मूल नाही सुधारलं. ज्यांना बी-12 कमी आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी किंवा इंजेक्शनच घ्यावं, त्याला हिरवा पर्याय नाही. हातापायांना मुंग्या येत असतील, तर पावडरीवर घालवलेला काळ मज्जातंतूंना महागात पडू शकतो.

क्लोरेलाचं याबाबतीत थोडं वेगळं आहे. तिच्यात खरं बी-12 सापडतं, पण ते तिनं बनवलेलं नसतं. वाढीच्या पाण्यातल्या जिवाणूंकडून ते तिच्यात येतं. त्यामुळे एका कंपनीच्या बाटलीत ते भरपूर असेल आणि दुसरीच्या बाटलीत जवळजवळ शून्य. तुम्ही कुठली विकत घेतली आहे ते चवीवरून कळत नाही.

क्लोरेला ही हिरवी, एकपेशी आणि गोल. तिची पेशीभिंत इतकी चिवट, की तशीच गिळली तर बरीचशी पचल्याशिवाय बाहेर पडते. म्हणून ‘पेशीभिंत फोडलेली’ असं बाटलीवर लिहितात. स्पिरुलिनासारखं क्षारी पाण्याचं कवच तिला नसतं, त्यामुळे उघड्या हौदात तिची राखण अवघड. तिची मोठी गोष्ट घडली जपानमध्ये. 1977 साली क्लोरेलाच्या गोळ्या खाणाऱ्या काही लोकांची त्वचा उन्हात जाताच लाल होऊन सुजू लागली. चेहरा, हात, जिथे ऊन लागेल तिथे. शोध घेतल्यावर कारण सापडलं हरितद्रव्यातच. पेशी फुटल्यावर आतलं एक विकर हरितद्रव्याचे तुकडे करतं, त्यातून फिओफोरबाइड नावाचा पदार्थ तयार होतो. तो रक्तातून त्वचेत जातो, ऊन पडलं की ते शोषतो आणि आसपासच्या पेशी जाळतो. ओली क्लोरेला वाळवण्यात दिरंगाई झाली, की हा पदार्थ वाढतो. जपाननं 1981 साली त्याच्यावर मर्यादा घातली. ज्या रंगासाठी माणसं बाटली विकत घेतात, त्याच रंगाचं हे बिघडलेलं रूप होतं. आजही क्लोरेलाच्या चांगल्या तपासणीपत्रात फिओफोरबाइडची ओळ असते. ती नसेल तर निर्मात्याला आपला माल ठाऊक नाही असं मी समजतो.

आता शेवगा. तो आपला, परसातला. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी असते. घाटावर पावसाळ्यात ती आठवड्याला एखादवेळ होते. तोच पाला वाळवून, दळून ‘मोरिंगा’ म्हणून बाटलीत आला, की त्याची किंमत आणि कीर्ती दोन्ही बदलतात. कीर्तीचं एक मूळ सेनेगलमधल्या डाकारमध्ये आहे. तिथे लोवेल फुगली यांनी 1990च्या दशकात शेवग्याच्या पाल्यावर काम केलं आणि त्यातून जगभर फिरलेली एक यादी निघाली: संत्र्याच्या सातपट जीवनसत्त्व सी, दुधाच्या चौपट कॅल्शियम, गाजराच्या चौपट जीवनसत्त्व ए, आणि पुढे. ही ताज्या पाल्याची यादी होती. वाळलेल्या पावडरीची वेगळी यादी होती: दुधाच्या 17 पट कॅल्शियम, पालकाच्या 25 पट लोह, आणि संत्र्याच्या निम्मंच जीवनसत्त्व सी. बाजारात दोन्ही याद्यांतला सर्वांत फुगलेला आकडा उचलून एकाच बाटलीवर चिकटवला जातो. शंभर ग्रॅम पावडरीत सी असतं सुमारे 17 मिलिग्रॅम. म्हणजे तीन ग्रॅमच्या चमच्यात अर्धा मिलिग्रॅम. वाळवण्यात सी निघून जातं.

कॅल्शियम मात्र उडून जात नाही. शंभर ग्रॅम पावडरीत ते सुमारे दोन हजार मिलिग्रॅम असतं, म्हणून चमच्यात साठ. दुधाच्या भाषेत हे पन्नास मिलीलिटरएवढं, म्हणजे पाव पेल्याएवढं. वाईट नाही. लोह 0.8 मिलिग्रॅम, तेही पाल्यातलं, जे शरीर थोडंसंच शोषतं. पण हाच चमचा ताज्या पाल्यात मोजला, तर चित्र पालटतं. ताज्या पाल्याचं वजन बहुतेक पाण्याचं. तीन ग्रॅम पावडर म्हणजे साधारण बारा ते पंधरा ग्रॅम ताजा पाला, मूठभर. भाजी करायला माणशी पन्नास ग्रॅम पाला सहज लागतो. आपल्या खाद्यघटक तक्त्यांनुसार त्या पन्नास ग्रॅममध्ये तीन ग्रॅमच्या वर प्रथिनं, दीडशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि दोन मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, शिवाय शिजवताना उरलेलं थोडं सी. डाळ, खोबरं, तेल वेगळंच. एका ताटात चमच्याच्या अडीच-तीनपट. झाड परसात असेल, तर बाटली विकत घेणं म्हणजे आपल्याच घरची विहीर सोडून बाटलीबंद पाणी आणण्यासारखं.

पावडरीचा वेगळा धोका आहे जिवाणूंचा. 2016 साली अमेरिकेत साल्मोनेलाची साथ आली. 23 राज्यांतली 33 माणसं आजारी पडली. ती सगळी ‘संपूर्ण जेवण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या एका शेकच्या पावडरीपर्यंत जाऊन पोचली, आणि तिच्यातून शोध घेत गेल्यावर मूळ सापडलं सेंद्रिय शेवगा-पानांच्या पावडरीत. 2025च्या शरदात पुन्हा शेवग्याच्या पावडरीवरून तिथे अशीच साथ झाली. शेतातली पानं जमिनीवर पसरून वाळवली, कोंबड्या-पक्षी त्यातून फिरले, धुवायचं पाणी दूषित असलं, की साल्मोनेला येतो. वाळल्यानंतर तो मरत नाही, पेशी आक्रसून महिनोन् महिने झोपून राहतो. सकाळी ग्लासभर पाण्यात किंवा दह्यात ती पावडर ढवळून प्यायलात, की त्याला उठवण्याचं काम आपण केलेलं असतं. यावर उपाय सोपा आहे: शेवग्याची पावडर आमटी, पिठलं, सार यांत उकळी येण्याआधी टाका आणि दोन-चार मिनिटं उकळू द्या. ओल्या उष्णतेपुढे साल्मोनेला टिकत नाही. थालीपिठाच्या भाजणीत कालवून तव्यावर चांगलं भाजलं तरी चालेल. मायक्रोसिस्टिन मात्र उकळून जात नाही, शिसंही नाही, म्हणून स्पिरुलिना-क्लोरेलाला हा इलाज लागू नाही.

सेंद्रिय असण्याचाही यांच्याशी फारसा संबंध नाही. सेंद्रिय म्हणजे कीटकनाशक आणि रासायनिक खत नाही, एवढंच. जमिनीतलं शिसं आणि कोंबडीचा पाय यांवर त्या शिक्क्याचा अधिकार चालत नाही.

मग विकत घ्यायचंच असेल, तर काय मागायचं? विक्रेत्याला ‘सर्टिफिकेट ऑफ अ‍ॅनालिसिस’ मागा आणि त्यावरचा बॅच क्रमांक डब्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. क्रमांक जुळत नसेल किंवा नसेलच, तर तो कागद कुठल्यातरी दुसऱ्याच मालाचा आहे. त्यात चार धातूंचे आकडे हवेत: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा. ‘पास’ असा शिक्का पुरत नाही, आकडा हवा. त्यालाच आपला चमचा लावायचा आहे. किलोला मिलिग्रॅम असा आकडा ग्रॅममागे तितकेच मायक्रोग्रॅम असतो, म्हणून गुणाकार तोंडी होतो. 25 ग्रॅममध्ये साल्मोनेला ‘अनुपस्थित’ असं लिहिलेलं हवं. स्पिरुलिनासाठी मायक्रोसिस्टिनची चाचणी, क्लोरेलासाठी वर सांगितलेलं फिओफोरबाइड. जातीचं शास्त्रीय नाव असावं, नुसतं ‘ब्लू-ग्रीन अ‍ॅल्गी’ नको, कारण या नावाखाली सरोवरातून उपसलेलंही येतं. घरात बसून वास, रंग किंवा पाण्यातला गाळ बघून शिसं आणि मायक्रोसिस्टिन ओळखण्याची कुठलीही युक्ती नाही. सडका, माशासारखा उग्र वास आला, तर वाळवणं बिघडलं होतं, इतकं मात्र नाक सांगू शकतं.

रोजच्या मात्रेबद्दल माझं मत सांगतो. धडधाकट प्रौढानं तपासलेली स्पिरुलिना एक-दोन ग्रॅम घेतली, तर तिच्यानं काही बिघडत नाही आणि फारसं घडतही नाही. तीन-पाच ग्रॅमच्या पुढे जाण्याचं मला एकही चांगलं कारण दिसत नाही. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी स्पिरुलिना-क्लोरेला मी घरात आणणार नाही. शेवगा पाला म्हणून खावा; पावडर फक्त उकळणाऱ्या पातेल्यात टाकण्यासाठी.

काही घरांसाठी प्रश्न वेगळाच असतो. घरात कुणी वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर शेवगा आणि क्लोरेला यांतलं जीवनसत्त्व के गोळीच्या कामात आडवं येतं; त्यामुळे पावडर आज घेतली, उद्या बंद केली असं झालं की रक्त तपासणीचे आकडे वरखाली होतात. ल्युपससारखा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार असेल, तर स्पिरुलिनानंतर आजार उफाळल्याच्या नोंदी डॉक्टरांनी केलेल्या आहेत. फिनाइलकीटोनुरिया या जन्मजात दोषाच्या मुलांना ती चालतच नाही, कारण तिच्या प्रथिनांत त्यांना नको असलेलं फिनाइलअ‍ॅलनिन भरपूर आहे. डॉक्टर जेव्हा ‘काही औषधं चालू आहेत का?’ असं विचारतात, तेव्हा बहुतेक जण या पावडरींचं नाव घेत नाहीत, कारण त्या ‘औषध’ वाटत नाहीत. त्या प्रश्नाच्या उत्तरात डब्याचं नाव आणि रोजचे ग्रॅम, दोन्ही सांगावेत.